‘रिझ’ म्हणजे लफडं नाही, पण स्क्रीनशॉटबद्दल बोलायलाच हवं

मागच्या रविवारी वहिनीचा अमळनेरहून फोन आला. आवाज घाबरलेला. भाच्याचा मोबाईल चार्जिंगला लावताना त्याच्या मित्रांच्या ग्रुपवरचा मेसेज तिला दिसला होता: “W rizz भो”. तिने विचारलं, “ताई, हाई रिझ काय शे? पोऱ्या काही लफडामा ते नही ना?”

मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. वर्गात हा शब्द रोज कानावर पडतो, त्यामुळे वहिनीला लगेच सांगता आलं की घाबरू नका. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हे सविस्तर लिहायला हवं. आपल्याकडे बऱ्याच घरांत या शब्दाचा अर्थ एक तर ‘दिसायला भारी’ किंवा ‘पोरगी पटवली’ असा लावला जातो. दोन्ही अर्थ अर्धवट आहेत.

रिझ म्हणजे बोलण्यातून, वागण्यातून समोरच्याला आपलंसं करून घेण्याची हातोटी. ऑक्सफर्डने 2023 चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून हाच निवडला आणि त्याचं मूळ ‘करिझ्मा’ या इंग्रजी शब्दात, म्हणजे लोकांना भुरळ घालणाऱ्या व्यक्तिमत्त्वात सांगितलं. शब्दाचं डोकं आणि शेपूट छाटून मधला तुकडा उचलला. ‘इन्फ्लुएंझा’चा ‘फ्लू’ असाच झाला. हा शब्द पसरवला तो प्रामुख्याने काई सेनाट या इंटरनेटवर लाइव्ह व्हिडिओ करणाऱ्या अमेरिकी स्ट्रीमरने. त्याच्या बोलण्यातला रोख चेहऱ्यावर नव्हता, बोलण्यावर होता: संभाषण सुरुवातीला आपल्या बाजूने नसतं आणि मग शब्दांच्या जोरावर ते वळतं. ते वळवणं म्हणजे रिझ. पुढे अर्थ सैल होत गेला. न बोलता नुसत्या वावरण्याने छाप पडली तर त्यालाही ‘अनस्पोकन रिझ’ म्हणू लागले. 2023 मध्येच टॉम हॉलंड या नटाने आपल्याकडे रिझ अगदी मर्यादित आहे असं एका मुलाखतीत सांगितलं आणि शब्द घराघरांत गेला.

मराठी शिक्षिका म्हणून मला यातली एक गोष्ट फार आवडते. आपल्याकडे ‘रिझणे’ आणि ‘रिझवणे’ आधीपासून आहेतच. दोन्ही शब्दांचं नातं काही नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण इंग्रजीतलं ‘रिझ अप करणं’ मराठीत सांगायचं तर ‘रिझवणं’ याहून नेमका शब्द मला सापडत नाही. शिवाय आपल्या क्रियापदांत एक भेद आहे जो त्या इंग्रजी शब्दात दिसत नाही. एक जण रिझवतो, पण रिझायचं की नाही हे दुसऱ्याच्या हातात असतं. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

आता चॅटमध्ये हा शब्द कसा येतो ते त्या रविवारच्याच प्रकरणावरून सांगते. भाच्याने संध्याकाळी सगळं दाखवलं, मी फक्त ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्याच्या क्लासमधल्या एका मुलीने सारंगखेड्याच्या यात्रेतला स्टेटस टाकला होता. पांढऱ्याशुभ्र घोड्याशेजारी ती उभी. एका मुलाने त्यावर “छान फोटो” असं लिहिलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी त्याने “हाय” टाकलं, तिसऱ्या दिवशी “बिझी आहेस का?” मित्रांनी त्याला “L rizz” दिलं. ‘एल’ म्हणजे लॉस, ‘डब्ल्यू’ म्हणजे विन. गेम आणि लाइव्ह स्ट्रीम बघताना पोरं हार-जीत एका अक्षरात लिहितात, तीच सवय इथे आली.

भाच्याने त्याच स्टेटसवर लिहिलं होतं, “घोडा तुझ्याकडे बघतच नाहीये, थेट कॅमेऱ्यात बघतोय.” तिने हसण्याचा इमोजी टाकला आणि लिहिलं की मालक म्हणाला, याला मोबाईलची सवय झाली आहे. मग त्याने विचारलं, घोड्याचं नाव काय? वीस मिनिटं गप्पा चालल्या. या मुलाने तिचं कौतुक एकदाही केलेलं नाही. त्याने फोटो नीट बघितला आणि तिला काही सांगावंसं वाटेल असा प्रश्न विचारला. “छान फोटो”ला ‘थँक्यू’पलीकडे काय उत्तर देणार?

त्या गप्पांचा स्क्रीनशॉट त्याने ग्रुपवर टाकला आणि खाली “W rizz भो” आलं. वहिनीने वाचलं ते हेच. यात प्रेम नाही, पटवणं नाही. हा मित्रांनी दिलेला शेरा आहे. रिझ बहुतेक वेळा असाच येतो: बोलणारे दोघे तो वापरत नाहीत, बघणारे तिसरे वापरतात. आपणच आपल्याबद्दल “मला रिझ आहे” म्हटलं की पोरं टर उडवतात.

शब्दाचा अर्थ उलटाही होतो. त्या “हाय” टाकणाऱ्या मुलालाही नंतर कोणीतरी “काय रिझ आहे भाऊ” लिहिलं, पुढे कवटीचा इमोजी. कवटी म्हणजे हसून मेलो. शेजारी कवटी किंवा ढसाढसा रडणारा चेहरा असला की स्तुती बहुतेक वेळा थट्टा असते. आणि सहावी-सातवीतली मुलं स्किबिडी, ओहायो असल्या इंटरनेटवरच्या शब्दांसोबत रिझ बोलतात तेव्हा त्यांना बहुधा काहीच म्हणायचं नसतं, फक्त आवाजाची मजा असते. भाच्याचा धाकटा भाऊ वरणबट्टीलासुद्धा रिझ म्हणतो.

मला आक्षेप आहे तो दोन जागी.

पहिली जागा, ‘संभाषण वळवणं’ हा मूळ अर्थच. समोरासमोर वळवताना चेहरा दिसतो, कंटाळा दिसतो. चॅटमध्ये फक्त शांतता दिसते आणि काही मुलं त्या शांततेला ‘अजून रिझ लावायला हवी’ असं वाचतात. तीन दिवस उत्तर नाही, तर ते उत्तरच आहे. चौथा मेसेज करून रिझ वाढत नाही, मुलीची भीती वाढते. माझ्या वर्गातल्या मुलींनी मला हे सांगितलेलं आहे.

दुसरी जागा स्क्रीनशॉटची. मी भाच्याला विचारलं, “तिला माहीत आहे का, तू हे ग्रुपवर टाकलंस?” तो गप्प बसला. मग म्हणाला, “फुई, त्यात वाईट काहीच नाही.” नव्हतंच. पण ती एकाशी बोलत होती आणि वाचत पंधरा जण होते. शेरा मिळवायचा तर प्रेक्षक लागतात आणि मुलीला न विचारता ते गोळा केले जातात. हे मी त्याला रागावून नाही, शेजारी बसून सांगितलं. त्याने लगेच मेसेज काढायला घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी मेसेज काढण्याची मुदत साधारण अडीच दिवस असते. याला चार दिवस झाले होते. त्याच्या फोनमधून गेला, बाकी चौदा फोनांत राहिला.

रात्री त्याने त्या मुलीला स्वतःहून कळवलं की मी असं केलं, चुकलं. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. सोमवारी सकाळी कॉलेजला निघताना त्याचा मला फोन, “फुई, परत एकदा मेसेज करू का?”

मी म्हटलं, नको. त्याने केला नाही.