लेखीत मागे पडलेल्या भाच्यासाठी

भाचा लेखीत पन्नास गुणांनी मागे आहे? घाबरू नका. पेपर फोडण्याची जोखीम घेऊ नका, त्यात पोलीस येतात. भरतीच्या नियमांत मुलाखतीचे गुण वाढवून घ्या. तिथे कुणी येत नाही.

नमुना म्हणून हरियाणाची जुनी नागरी सेवा भरती घ्या. खुल्या उमेदवारांसाठी लेखी ७०० आणि मुलाखत २००, म्हणजे एकूण ९०० पैकी २२.२ टक्के मुलाखतीच्या हाती. समजा, एका मुलीला लेखीत ४८० मिळाले आणि भाच्याला ४३०. मुलाखतीत तिला ९० द्या, त्याला १४५. झाले ५७० विरुद्ध ५७५. तिला कमी दिले असेही कुणी म्हणणार नाही, ९० म्हणजे ४५ टक्के. मुलाखत २०० ऐवजी ११० गुणांची असती, तर याच टक्केवारीने भाच्याला तीसच गुण भरून काढता आले असते आणि मुलगी पुढेच राहिली असती. म्हणून आकडा ठरवताना कंजुषी नको.

दुसरी खबरदारी बोलावण्यात घ्या. लेखीत ४५ टक्के मिळवणाऱ्या सगळ्यांना बोलवा. हरियाणात ६१ जागांसाठी तेराशेहून जास्त जणांना बोलावले होते. रांग जितकी लांब, तितका तळाचा उमेदवार वर खेचायला वाव. शिवाय मुलाखती लांबत जातात आणि पहिल्या दिवशी दिलेले ९० शेवटच्या दिवशीच्या ९० इतकेच होते का, हे मंडळालाही आठवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ही मजा बिघडवली. खुल्या उमेदवारांसाठी १२.२ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट उमेदवार बोलवा, असे सांगितले. झालेली निवड मात्र रद्द केली नाही, एवढा दिलासा लक्षात ठेवा. १२.२ हा आकडा तेव्हाच्या केंद्रीय लोकसेवा आयोगाचा होता: २०५० पैकी २५०. आज तिथे १७५० लेखी आणि २७५ मुलाखत, म्हणजे साडेतेरा टक्के. आपल्या राज्यसेवेच्या ८०० अधिक १०० मध्ये हे प्रमाण ११ टक्के होते. नव्या वर्णनात्मक पद्धतीत तेही १७५० अधिक २७५ झाले.

आता वेळापत्रक. दिल्लीत एक त्रासदायक पद्धत आहे: तारीख आधी कळते, पण कोणते मंडळ मिळणार हे त्या दिवशीच ठरते, आणि मंडळापुढे लेखीचे गुण नसतात. ही दोन्ही कुलपे काढा. तारखेसोबत मंडळही छापा, म्हणजे ओळख काढायला दोन आठवडे मिळतील. आणि लेखीचे गुण टेबलावर ठेवा. किती कमी पडतात हे माहीत नसेल, तर बिचाऱ्या मंडळाने नेमके पंचावन्न जास्त द्यायचे तरी कसे?