हिरवी कॅप्शन लिहिताना आकडे कसे टाळावेत

कंपनीच्या छतावर सोलर बसलं, ड्रोन उडवून फोटोही काढून झाले, आणि आता त्या फोटोखाली चार ओळी लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलं आहे. अभिनंदन. पॅनल बसवणं सोपं होतं, ते ठेकेदाराने केलं. वाचणाऱ्याला बरं वाटावं पण कळू काही नये, असं लिहिणं अवघड. ते तुमच्याकडे आलंय म्हणजे साहेबांचा तुमच्यावर विश्वास आहे.

पहिला धोका घरातूनच येतो. देखभाल विभागात कोणाला तरी 'जरा माहिती पाठवा' म्हणालात, की तो भला माणूस खरोखरच माहिती पाठवतो. समजा, चाकणमधली एक कंपनी आहे आणि तिथल्या इंजिनिअरने तुम्हाला हे पाठवलं:

"चाकण कारखान्याच्या छतावर 100 किलोवॅटचा सौर प्रकल्प. एप्रिल 2024 ते मार्च 2025 या वर्षात मीटरप्रमाणे 1,35,000 युनिट वीज तयार झाली. त्या वर्षी कारखान्याला एकूण 18,00,000 युनिट लागली. म्हणजे साडेसात टक्के छतावरून, बाकीची महावितरणकडून. नवी प्रेस लाइन सुरू झाल्याने महावितरणकडून घेतलेली वीज आदल्या वर्षीपेक्षा 65,000 युनिटने वाढली."

वाचून घाम फुटला ना? फुटायलाच हवा. या मजकुरात कारखाना कुठला, काळ कुठला, किती वीज, कितीपैकी किती, मोजली कशाने, सगळं आहे. शेवटी तर न विचारता उणी बाजूही सांगून टाकली आहे. असा मजकूर कोणीही वीजबिल काढून तपासू शकतो. शिवाय त्यात 'हरित' हा शब्द एकदाही नाही. हा मजकूर जसाच्या तसा फोटोखाली टाकला तर वाचणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळेल की कंपनीने नेमकं काय केलं, आणि काय अजून व्हायचं आहे. मग तुमची गरज काय उरली?

तेव्हा दुरुस्तीला लागू.

आधी गाव उडवा. 'चाकण कारखान्याच्या छतावर' याऐवजी 'आमच्या कारखान्यांमध्ये' असं लिहा. कंपनीचे कारखाने सहा आणि सोलर एकावर, हे अनेकवचनात छान विरघळतं. मग 'एप्रिल 2024 ते मार्च 2025' काढून 'सातत्याने' टाका. सातत्याला सुरुवातीची तारीख लागत नाही.

100 किलोवॅट मात्र राहू द्या. हा आकडा तुमचा मित्र आहे. किलोवॅट म्हणजे यंत्रणेची क्षमता, रणरणत्या उन्हात ती जास्तीत जास्त किती जोर लावू शकेल त्याचं माप. प्रत्यक्ष किती वीज आली ते युनिटमध्ये मोजतात, आणि आपल्या भागात एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण तेराशे ते पंधराशे युनिट येतात. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलं की उत्पादन आपटतं. रस्त्यावरची धूळ बसली आणि पॅनल धुतली नाहीत तरी घसरतं, आणि इन्व्हर्टर बिघडून पडला तर शून्यावर येतं. पण यातल्या कशानेही 100 किलोवॅटचे 99 होत नाहीत. पॅनल वर्षभर पोत्याखाली झाकून ठेवली तरी कॅप्शनमधले 100 किलोवॅट शाबूत राहतात. म्हणून किलोवॅट ठेवा आणि युनिट खोडा. फरक विचारणारे थोडे असतात, आणि ते बहुतेक महावितरणमधून निवृत्त झालेले असतात.

आता त्या 'साडेसात टक्क्यां'चं काय करायचं? हे सगळ्यात घातक. 1,35,000 युनिट एकटे असले की रुबाबदार दिसतात, शेजारी 18,00,000 येऊन बसले की बापुडवाणे होतात. छेद कधीही छापू नका. टक्केवारी द्यायचीच असेल तर वाढीची द्या. आपल्या उदाहरणातलं सोलर ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालं असं धरा. म्हणजे आदल्या आर्थिक वर्षात ते सहाच महिने चाललं आणि 67,000 युनिट निघाली. यंदा बारा महिने चाललं, 1,35,000 निघाली. लिहा: 'एका वर्षात सौरऊर्जेच्या वापरात दुपटीहून अधिक वाढ!' एकही पॅनल न वाढवता दुप्पट. यात खोटं काय आहे ते दाखवून द्या म्हणावं.

हे शास्त्र आपण शोधलेलं नाही, बरं का. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या पर्यावरणविषयक जाहिरातींच्या मार्गदर्शिकेत एका गालिच्याचं उदाहरण दिलं आहे. त्यातला पुनर्वापर केलेला माल 2 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर जातो, आणि लेबलवर येतं 'पूर्वीपेक्षा 50 टक्के जास्त'. गणित बरोबर आहे, तरी कमिशन त्याला दिशाभूल म्हणतं. त्यांनी ते काय करू नये म्हणून छापलं आहे. आपण नमुना म्हणून वाचायचं.

एवढं करूनही साहेब म्हणतील, 'पर्यावरणाचं काहीतरी पाहिजे.' तेव्हा झाडं काढा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने 2023-24 मध्ये ग्रीडमधल्या एका युनिटमागे सरासरी 0.73 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जात होता. 1,35,000 युनिटला गुणलं की साधारण 98 टन टळले. इंजिनिअर इथेच थांबेल, आणि कोणता गुणक वापरला तेही कंसात लिहील. तुम्ही पुढे जा. 'एक झाड वर्षाला 22 किलो शोषतं' असा एक आकडा इंटरनेटवर निराधार फिरत असतो, त्याला घरात घ्या आणि भागाकार करा. जवळजवळ साडेचार हजार झाडं! कोणती झाडं, किती वयाची, कुठल्या मातीत, असं कोणी विचारलं तर घाबरू नका. ही झाडं कुठेच नाहीत, त्यामुळे त्यातली किती जगली हेही कोणी मोजायला जाणार नाही. वृक्षारोपणाचा इतका निर्धोक प्रकार दुसरा नाही.

कधी कधी आकडे टाळणं अशक्य होतं. अशा वेळी मोठ्यांकडून शिकावं. ऑक्टोबर 2021 मध्ये, ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या तोंडावर, एचएसबीसी बँकेने लंडन आणि ब्रिस्टलमध्ये बस थांब्यांवर जाहिराती लावल्या. त्यातल्या एकीत मोघम असं काही नव्हतं: 20 लाख झाडं लावायला मदत, आणि ती आपल्या आयुष्यात साडेबारा लाख टन कार्बन धरून ठेवणार. ऑक्टोबर 2022 मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने त्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. झाडांचा आकडा खोटा आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. बँकेने कर्ज दिलेल्या उद्योगांतून, नुसत्या तेल आणि वायूमधूनच, वर्षाला सुमारे 6 कोटी 53 लाख टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन होत होतं, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता. झाडांचे टन कार्बन डायऑक्साइडचेच धरले तर वीस लाख झाडांची जन्मभराची कमाई त्या उत्सर्जनाच्या एका आठवड्याला पुरते. बघा, किती नेमका आकडा आणि किती सुंदर जागी कापलेला! आपल्या इंजिनिअरची चूक हीच झाली: 1,35,000 लिहून थांबायचं सोडून 65,000 लिहायला गेला.

तुमच्यातला कोणी शहाणा म्हणेल, कायदा आहे ना. आहे की. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये यावरच मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'हरित', 'पर्यावरणपूरक', 'शाश्वत' असे शब्द वापरायचे तर जोडीला पुरेसा, अचूक खुलासा आणि पुरावा हवा. तुलना केली तर पडताळता येईल अशा माहितीवर. पुढच्या काळातली वचनं द्यायची तर ती कशी पाळणार याची ठोस योजना तयार हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात दंड आहे, पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. ऐकायला भीती वाटते. पण पूर्ण वाचा, आणि एक दिलासा सापडेल. कंपनीने आपल्या ध्येयाबद्दल सर्वसाधारण विधान केलं, ते कुठल्या विशिष्ट उत्पादनाला किंवा सेवेला चिकटलेलं नसलं, तर ते पर्यावरणाचा दावा धरलं जात नाही. 'आमची वाढ शाश्वततेच्या तत्त्वांवर होईल' हे चालतं. 'आमची सगळी उत्पादनं शाश्वत पद्धतीने बनतात' म्हणालात की पुरावा मागतील. थोडक्यात, वाक्य जमिनीपासून जितकं उंच, तितकं तुम्ही निर्धास्त.

खुलासा क्यूआर कोड देऊन ठेवला तरी चालतो, अशीही सोय आहे. कोड जरूर छापा, अंगठ्याच्या नखाएवढा. तो कंपनीच्या वेबसाइटच्या मुखपृष्ठावर न्यायचा नसतो असं मार्गदर्शक तत्त्वांचा हेतू वाचून कोणालाही कळेल, म्हणून तुम्ही हेतू वाचू नका.

एक काळजी मात्र घ्या. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आणि बाजारमूल्याने पहिल्या हजारात असेल तर 2022-23 पासून तिला वार्षिक अहवालासोबत बीआरएसआर नावाचा जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्याच्या तक्त्यात एकूण ऊर्जा किती आणि त्यातली अक्षय किती हे स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्ही कॅप्शनमधून जो छेद मोठ्या कष्टाने पुसला, तो लेखा विभागाने आधीच छापून बसवलेला असतो. सुदैवाने ते पीडीएफ शेकडो पानांचं असतं. कॅप्शन आणि अहवाल एकाच आठवड्यात बाहेर पडणार नाहीत एवढं बघा.

सगळं जमून आलं की असं होतं: "हिरव्या उद्याकडे एक पाऊल! निसर्गाशी असलेलं आमचं नातं जपत, आमच्या कारखान्यांमध्ये 100 किलोवॅट सौरऊर्जा. कारण शाश्वतता आमच्या रक्तात आहे." रक्तात असलेल्या गोष्टीला मीटर बसत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

हे पोस्ट झालं की पहिल्या तासात दोनशे जण टाळ्या वाजवतील, त्यातले दीडशे तुमच्याच कंपनीचे. मग एखादा खाली विचारेल, 'वर्षाला किती युनिट निघाली, आणि एकूण वापर किती?' त्याला हात जोडून लिहा, 'आपल्या आस्थेबद्दल मनःपूर्वक आभार, कृपया इनबॉक्समध्ये संपर्क साधावा.' इनबॉक्स कोण बघतं ते ठरवायला पुढच्या महिन्यात बैठक लावू.