मामांचा चहा आणि माझा अहवाल

क्लिनिकल न्यूट्रिशनच्या दुसऱ्या सत्रात प्रत्येकीने एक केस स्टडी करायची होती. रुग्ण शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात डायबिटीसचा एक मामा असतोच. आमचे 54 वर्षांचे, कापडाच्या दुकानातले. उंची 165 सेंटिमीटर, वजन 74 किलो, म्हणजे बीएमआय 27 च्या वर. रक्तातल्या साखरेची एचबीएवनसी तपासणी 8.4. गोळी चालू, पोहे-जिलेबीही चालू.

पहिला मसुदा मी भक्तिभावाने लिहिला. हिस्ट्रीतच चार पानं गेली. मामांचं बालपण, आजीचा डायबिटीस, एकोणीसशे कितीतरी सालची कावीळ, सगळं आलं. आहाराखाली मामांचंच वाक्य होतं: ‘घरचं साधं जेवण.’ मॅडमनी त्याखाली लाल शाईत लिहिलं, ‘साधं म्हणजे किती ग्राम?’

मग मी चोवीस तासांचा रिकॉल घ्यायला बसले. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्लं, ते विचारायचं. मामा सांगत होते आणि मामी स्वयंपाकघरातून दुरुस्त्या पाठवत होत्या.

“पोहे, एक प्लेट.”

“वरून सेव!” आतून आवाज.

“सेव काय खाणं आहे का?”

चहा पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. पुस्तकातला चमचा सपाट असतो, 5 ग्रामचा. म्हणून 50 ग्राम लिहून मी मोकळी होणार होते, पण मामांनी चमचा भरला आणि त्यावर साखरेचा हिमालय उभा राहिला. वजनकाट्यावर 8 ग्राम! म्हणजे दहा चमच्यांचे 80 ग्राम, 320 कॅलरी, त्याही जेवणात न धरलेल्या. त्या दिवसापासून ‘एक चमचा’ असं कोणी म्हटलं की मी काटा काढते. (यामुळे दोन मैत्रिणी दुरावल्या आहेत.)

पुढचा डोंगर होता निदानाचा. मी ठळक अक्षरांत लिहिलं: मधुमेह. मॅडम म्हणाल्या, “तो डॉक्टरांनी शोधलाय. तू काय शोधलंस?” न्यूट्रिशनचं निदान एकाच वाक्यात मांडायचं असतं: अडचण काय, ती कशामुळे आणि पुरावा कोणता. मी ‘कशामुळे’पुढे लिहिलं, आनुवंशिकता. “मग उपाय काय करणार? त्यांची आई बदलणार?” कारण असं हवं, ज्याला आपण हात घालू शकतो. आजीची हिस्ट्रीतली जागा पक्की, पण निदानात तिला प्रवेश नाही.

तिसऱ्या खेपेला वाक्य जमलं: साखरेचं अतिसेवन; कारण, चहातली साखर आहारात मोजायची असते हे माहीत नाही; पुरावा, चहातून रोज 80 ग्राम साखर आणि एचबीएवनसी 8.4. वाक्य एवढंसं, पण ते बसल्यावर पुढचा अहवाल आपोआप रांगेला लागला. अज्ञान हे कारण, तर उपाय म्हणजे मामांना चमचा काट्यावर ठेवून दाखवणं. ओट्स आणि किनोआचा माझा रंगीत तक्ता निकालात निघाला, कारण निदानात त्याचा कुठे संबंधच नव्हता. उद्दिष्ट ठरलं: दिवसाला तीन कप, प्रत्येकी एक सपाट चमचा, म्हणजे 15 ग्राम. गोळीला हात लावायचा नाही, तो डॉक्टरांचा प्रांत.

मूल्यमापनात मी मार खाल्ला. चार आठवड्यांत एचबीएवनसी 7 वर आणेन, असं मी लिहून बसले होते. ही तपासणी साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते. महिन्याभरात तिच्याकडे निकाल मागणं म्हणजे दिवाळीचा फराळ गणपतीत मागणं. म्हणून तिची तारीख तीन महिन्यांनंतरची टाकली, आणि चौथ्या आठवड्यात पुराव्यातली दुसरी गोष्ट तपासली: चहातली साखर. ती 28 ग्राम निघाली. दुकानात चहा टपरीवरून आधीच गोड होऊन येतो, तिथे मामांचा सपाट चमचा काय करणार? सकाळची उपाशीपोटी साखर 162 वरून 138 वर आली होती. मी मोठ्या उत्साहाने ‘उद्दिष्ट साध्य’ लिहिलं. मॅडमनी ते खोडून ‘अंशतः’ केलं आणि खाली विचारलं, ‘टपरीचं काय ठरलं?’ ठरलं ते असं: मामी थर्मास देणार.

अहवाल स्टेपल केला आणि मामांना वाचायला दिला. त्यांनी पहिलं पान दोनदा पाहिलं.

“यात माझं नाव कुठे नाही?”

“नसतंच मामा. फक्त ‘रुग्ण, पुरुष, 54’.”

“म्हणजे कोणाला कळणार नाही?”

“कोणालाच नाही.”

मामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. “मग बेटा, ते पाच कप आहेत ना, ते सात कर.”

मी स्टेपलच्या पिना उचकटायला घेतल्या.