प्रतिक्रियेला उत्तर: अंगाचं माप आणि कुर्तीचं माप

«ताई, तुमचा साइज चार्ट चुकीचा आहे. माझी छाती ३६, म्हणून ३६ ची ओळ बघून कुर्ती घेतली, तर हात वर होत नाही. दुकानात एम म्हणजे ३८ असतं, तुम्ही ४० लिहिता. बाहीचं माप नाही, धुतल्यावर आटण्याबद्दल एक शब्द नाही. टेप नीट धरता येत नसेल तर लोकांची दिशाभूल करू नये.»

शेवटचं वाक्य लिहिलं नसतंत तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं. कुर्ती बसली नाही म्हणून चिडलात, ते समजू शकते. पण टेप धरता येत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? माझी आई गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, मी त्यांना हूक लावत आणि काजं करत मोठी झाले. पुढे कुर्त्यांच्या एका युनिटमध्ये मास्टरांच्या हाताखाली कटिंग शिकले. तिथे अर्धा इंच चुकला तर अख्खा थर वाया जायचा, त्यामुळे टेप कसा धरायचा हे मला ओरडा खाऊन कळलेलं आहे.

चार्टच्या वर «ही तयार कुर्तीची मापं आहेत, अंगाची नव्हेत» असं लिहिलंय. ते अक्षर बारीक आहे, हे मान्य. आज मोठं केलं. पण ते तिथे होतं.

आता ४० बद्दल. एमची कुर्ती म्हणजे निळी, ब्लॉक प्रिंटची, सरळ कटची, साध्या सुती कापडाची. ती टेबलावर पालथी पसरली, हाताने सुरकुत्या काढल्या, पण कापड ओढलं नाही. मुंढ्याच्या खाली एक इंचावर, एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत टेप ठेवला. २० इंच. दुप्पट केले की ४०. हे दुप्पट करणंच घात करतं, कारण टेबलावर अर्धा इंच ओढलं गेलं तर चार्टमध्ये पूर्ण एक इंच वाढतो. म्हणून मी कुर्ती उचलून पुन्हा पसरते आणि पुन्हा मोजते. दोन्ही आकडे जुळले तरच लिहिते.

तुमच्या दुकानातला ३८ अंगाचा आहे की कपड्याचा, हे तुम्ही विचारलंत का? लेबलवर कोणी अंगाची छाती लिहितं, कोणी तयार कपड्याची. दोन्हीकडे एमच छापलेलं असतं. म्हणून तर मी लेबल सोडून कुर्तीच मोजली.

३६ छातीला ३६ ची कुर्ती म्हणजे लूज शून्य. न ताणणाऱ्या कापडात श्वास घेतला तरी ते छातीवर ओढतं, काखेपासून छातीकडे तिरक्या घड्या पडतात आणि हात वर केला की सगळी कुर्ती वर सरकते. तुमच्या बाबतीत झालं ते हेच, आणि चार्ट बरोबर असल्याचा हाच पुरावा आहे. सरळ सुती कुर्तीला छातीवर तीन ते चार इंच लूज लागतो. ब्लाउजला एखादा इंच पुरतो, कारण त्याला हूक असतात, आणि होजियरीचं कापड ताणलं जातं म्हणून ते अंगापेक्षा लहान असूनही बसतं. कुर्ती मात्र डोक्यातून घालायची असते. या कुर्तीला बाजूला चेन नाही, कंबर ३७ आहे. तुमची कंबर ३० असली तरी त्या ३७ मधून आधी ३६ ची छाती उतरायला हवी. अंगाचा आकडा कुर्तीच्या चार्टमध्ये शोधणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही.

म्हणजे तुमच्यासाठी ४० ची, एमची ओळ. ३८ ची अंगाला लागून बसेल, काढता-घालताना त्रास देईल.

बाहीचं माप दिलेलं नाही, कारण या कुर्त्या बिनबाह्यांच्या आहेत. फोटोत दिसतंच आहे. आटण्याचं म्हणाल, तर मोजलेल्या कुर्त्या एकदा धुतलेल्या होत्या. तो वेगळा विषय आहे, त्यावर इथे वाद नको.

चार्टवर विश्वास नसेल तर तुमच्या कपाटातली सगळ्यात छान बसणारी सुती कुर्ती काढा. माझ्यासारखीच पालथी पसरा, त्याच जागी टेप ठेवा, आकडा दुप्पट करा आणि त्या ओळीची कुर्ती घ्या. ती उत्तम बसणारी कुर्ती ३६ ची निघाली तर जरूर लिहा, मी चार्ट काढून टाकीन. फक्त या वेळी आधी मोजा आणि मग लिहा.