नाव तेरा घरांचं, मर्यादा पन्नासाची, तरी बसत नाही

«मराठीत नाव भरलं की फॉर्म ‘नाव फार मोठं आहे’ म्हणतो, कारण आपली लिपीच जड आहे. काना-मात्रा-जोडाक्षरांमुळे एकेक अक्षर चार-चार अक्षरांची जागा खातं. मर्यादा तर सगळ्या भाषांना सारखीच असते. युनिकोड आल्यापासून कंप्युटरकडून काही अडचण उरलेली नाही. तेव्हा वाद न घालता नाव इंग्रजीत भरा, नाहीतर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर टाका, लगेच बसतं.»

हा मजकूर मला तीन वेगवेगळ्या गटांतून आला. मी पतसंस्थांसाठी सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर करतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि निस्तरलेलीही आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

आधी लिपीचं वजन बघू. उदाहरणासाठी एक नाव घ्या: ज्ञानेश्वर लक्ष्मण कुलकर्णी. आपण मोजतो ते असं: ज्ञा-ने-श्व-र चार, ल-क्ष्म-ण तीन, कु-ल-क-र्णी चार. अकरा अक्षरं आणि मधल्या दोन मोकळ्या जागा, म्हणजे कागदी फॉर्मच्या चौकटीत तेरा घरं. कंप्युटर मात्र अक्षर सुटं करून ठेवतो. ‘ज्ञा’ म्हणजे ज, हलन्ताचा पाय, ञ आणि काना, अशी चार चिन्हं. हे सगळं नाव असं सुटं केलं की मोकळ्या जागांसह २७ चिन्हं होतात. आता तेच नाव रोमन लिपीत लिहा, Dnyaneshwar Laxman Kulkarni. तीही मोकळ्या जागा धरून बरोबर २७ भरतात. आपल्याकडे काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात हे खरं, पण ‘कुलकर्णी’तल्या दुसऱ्या क नंतर आपल्याला अ लिहावाच लागत नाही, रोमनमध्ये स्वर बहुतेक जागी लिहावा लागतो. हिशेब असा कुठेतरी बरोबरीत सुटतो. एक अक्षर चार चिन्हांचं असू शकतं हे त्या मजकुरातलं विधान चुकीचं नाही. ‘श्री’ आपल्याला एक, कंप्युटरला चार. पण नाव अडतं ते या चारामुळे नाही.

अडतं ते बाइटमुळे. चिन्ह साठवायला जी जागा लागते ती बाइटमध्ये मोजतात, आणि आज जवळपास सगळीकडे वापरली जाणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. १९९२मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, रशियन, ग्रीक आणि अरबी अक्षराला साधारणपणे दोन, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना असो, पाय मोडण्याची खूण असो की अनुस्वार, तीनच. त्यामुळे २७ चिन्हांपैकी २५ चिन्हांचे ७५ बाइट आणि दोन मोकळ्या जागांचे दोन, असे ७७ बाइट होतात. रोमन लिपीतलं तेच नाव २७ बाइटांत मावतं. पायथनमध्ये दोन ओळींत बघता येईल:

```
s = "ज्ञानेश्वर लक्ष्मण कुलकर्णी"
len(s)                  # 27
len(s.encode("utf-8"))  # 77
```

हे तीन बाइट लिपीच्या अंगचे नाहीत. भारतीय लिप्यांसाठी १९९१मध्ये इस्की नावाचं आपलं भारतीय मानक ठरलं होतं. त्यात क, काना, पाय मोडण्याची खूण अशा प्रत्येक चिन्हाला एकच बाइट होता. हेच नाव तिथे २७ बाइटांत बसत असे. लिपी तीच आहे, बदलली ती साठवण्याची पद्धत. यूटीएफ-८मुळे जगातल्या सगळ्या लिप्या एका मजकुरात एकत्र नांदतात, म्हणून मी तिच्या विरोधात अजिबात नाही. पण वजन कुठून आलं हे नीट सांगायला हवं.

मर्यादा सारखी असते हा मुद्दा यातूनच निकालात निघतो. पन्नास बाइट म्हणजे इंग्रजीत पन्नास अक्षरं, रशियनमध्ये पंचवीस, आणि देवनागरीत सोळा चिन्हं. चिन्हं म्हणतोय, अक्षरं नव्हे. ‘ज्ञानेश्वर’ एवढ्यातच दहा संपतात. फॉर्मवर मात्र सगळ्यांना ‘कमाल ५० अक्षरे’ असंच लिहिलेलं दिसतं.

युनिकोडच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण हा गैरसमज आमच्या क्षेत्रातल्या लोकांमध्येही घट्ट बसलेला आहे. युनिकोड प्रत्येक चिन्हाला क्रमांक देतो. डेटाबेसमधल्या तुमच्या टेबलातला रकाना किती लांब असावा आणि ती लांबी कशात मोजावी, हे युनिकोड ठरवत नाही. ते टेबल करणारा ठरवतो, आणि पुष्कळदा त्याला आपण काहीतरी ठरवतोय याचा पत्ताच नसतो. पोस्टग्रेस आणि हल्लीच्या मायएसक्यूएल या डेटाबेसांमध्ये VARCHAR(50) म्हणजे पन्नास चिन्हं. ओरॅकलमध्ये मुद्दाम काही सांगितलं नाही, तर VARCHAR2(50) म्हणजे पन्नास बाइट. फरक एका शब्दाचा आहे:

```
nav VARCHAR2(50)        -- ५० बाइट
nav VARCHAR2(50 CHAR)   -- ५० चिन्हं
```

आमच्या टेबलात पहिली ओळ होती. ती मीच लिहिली होती, आणि तपासताना सगळी नावं इंग्रजीत घातली होती. काउंटरवरच्या ताईंनी वरचं नाव भरलं की पडद्यावरचा मोजणारा आकडा ‘२७/५०’ दाखवायचा, कारण ब्राउझर चिन्हं मोजतो. त्या निश्चिंतपणे ‘जतन करा’ दाबायच्या आणि मागून नकार यायचा. पडद्यावर फक्त ‘नाव फार मोठे आहे’ एवढंच उमटायचं. आतल्या नोंदवहीत खरं कारण स्पष्ट लिहिलेलं होतं:

```
ORA-12899: value too large for column ... (actual: 77, maximum: 50)
```

एकाच नावाचे तीन आकडे झाले होते. ताईंच्या डोळ्यांना १३, पडद्याला २७ आणि टेबलाला ७७. तिघांपैकी चूक कोणाचीच मोजणी नव्हती, फक्त आम्ही तिघांना एकच ‘५०’ दिला होता. यात नाव भरणाऱ्याला दोष कसा देणार? तिला दिसतंही नाही असंही काही मोजलं जातं. ‘कऱ्हाडे’मधला ऱ्ह काही कळफलकांवरून ऱ या चिन्हातून येतो, तर काहींवरून साध्या र चा पाय मोडून मग एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, पण पहिलं आडनाव २१ बाइटांचं आणि दुसरं २४.

आता तो सल्ला. इंग्रजीत नाव भरून फॉर्म पुढे सरकतो हे खरं आहे, पण नाव दुसरंच होतं. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग कोणी Dnyaneshwar करतं, कोणी Gyaneshwar, लक्ष्मण कुठे Laxman तर कुठे Lakshman. ठेवीदार गेल्यावर वारस पावती घेऊन येतो तेव्हा हा फरक कागदोपत्री जुळवत बसावं लागतं. आद्याक्षराचं त्याहून वाईट. आपल्याकडे मधलं नाव शोभेचं नसतं. एकाच गावात चार ज्ञानेश्वर कुलकर्णी असतात आणि कोण कोणाचा हे वडिलांच्या नावावरूनच कळतं. ‘ल.’ म्हणजे लक्ष्मण की लहू, हे दहा वर्षांनी कोण सांगणार?

आणि मुळात तो सल्ला चालतही नाही. ‘ज्ञानेश्वर ल. कुलकर्णी’ मोजून बघा: ३०, मोकळी जागा, ‘ल’चे तीन, टिंबाचा एक, पुन्हा मोकळी जागा आणि २४. साठ झाले. वडिलांचं नाव पूर्ण काढून टाकलं तरी ५५ होतात. पन्नासात बसायला ‘ज्ञा. ल. कुलकर्णी’ लिहावं लागतं, ते ४३ भरतात. म्हणजे माणसाचं स्वतःचं नावच गेलं.

जागा वाचते म्हणून कोणी मर्यादेची बाजू घेत असेल, तर तोही हिशेब करू. या नावाला रोमनपेक्षा पन्नास बाइट जास्त लागतात. एक लाख सभासदांची नावं एवढीच लांब धरली तरी फरक पन्नास लाख बाइटांचा, म्हणजे पाच एमबीचा. फोनवर काढलेल्या एखाद्या मोठ्या फोटोएवढा.

मग मर्यादा आपल्यासारखी, पूर्ण अक्षरांत का मोजू नये, असं मला विचारतात. मलाही आधी तेच योग्य वाटायचं. अडचण अशी की मोजण्याचा तयार कोड देणाऱ्या लायब्ररींचं उत्तर बदललं आहे. युनिकोडच्या जुन्या नियमांप्रमाणे ‘ज्ञानेश्वर’ सहा घटकांचं होतं, कारण ज् आणि ञा वेगळे पडायचे, श् आणि व वेगळे. २०२३च्या १५.१ आवृत्तीपासून जोडाक्षर एकत्र धरतात आणि ते चार होतं. सर्व्हरवर जुनी लायब्ररी आणि फोनमध्ये नवी असेल तर पुन्हा दोन आकडे. म्हणून टेबलात चिन्हांची मर्यादा ठेवावी, ती सैल ठेवावी, पूर्ण नावाला दीडशे-दोनशे सहज, आणि पडद्यावर, सर्व्हरवर व टेबलात तीच एक मोजणी वापरावी.

तुमच्यासमोरचा फॉर्म काय मोजतो हे बाहेरूनही कळतं. पन्नासाची मर्यादा सांगणाऱ्या रकान्यात नुसता ‘क’ भरत जा. सोळा चालले आणि सतराव्याला नकार आला तर तिथे यूटीएफ-८चे बाइट मोजले जातात. पंचवीस चालून सव्विसावा अडला तर प्रत्येक चिन्हाला दोन बाइट धरलेत. पन्नासही गेले, तर मग ‘का’ भरून बघा. पंचवीस ‘का’ नंतर अडलं तर चिन्हं मोजतात, पन्नास ‘का’ गेले तर पूर्ण अक्षरं. हे करून तक्रार लिहिली की समोरच्याला टाळता येत नाही, आणि प्रामाणिक माणूस असेल तर त्याला नेमकी जागा सापडते.

आम्ही रकाना दुरुस्त केला तेव्हा काम संपलं नव्हतं. नवीन नावं नाकारली तरी जात होती, जुन्या यादीतून आणलेली नावं मात्र आमच्या प्रोग्रामने गुपचूप पन्नास बाइटांवर कापली होती. वरचं नाव तसं कापलं की ‘ज्ञानेश्वर लक्ष्म’ एवढे ४९ बाइट होतात आणि पन्नासावा बाइट ‘ण’चा पहिला तुकडा असतो. नीट लिहिलेला प्रोग्राम तो टाकून देतो, नाहीतर तिथे � असा चौकोन उमटतो. आडनाव दोन्हींत जातं. अशी नावं शोधायला एक साधी युक्ती होती. कापलेलं नाव मर्यादेला चिकटूनच संपतं, म्हणून ४८ ते ५० बाइटांची सगळी नावं बाजूला काढली:

```
SELECT id, nav FROM sabhasad WHERE LENGTHB(nav) BETWEEN 48 AND 50;
```

त्यात काही खरीच तेवढी लांब नावं होती, ती तशीच सोडली. बाकीच्यांचे कागदी अर्ज कपाटातून काढले, आणि काउंटरवरच्या ताईंनी एकेक नाव पुन्हा पूर्ण टाइप केलं.