आजारी नव्हता, तरी रजा दिली

"कोणत्या विद्यार्थ्याची रजाचिठ्ठी सर्वांत प्रामाणिक होती?"

माझ्याकडे सातवीतल्या एका मुलाची आहे. दिंडोरी तालुक्यातली आमची शाळा, भोवती सगळ्या द्राक्षबागा. गोडी छाटणी होऊन दीड-दोन महिने झाले की डिपिंग सुरू होतं. घड जीए या वाढीच्या संजीवकाच्या पाण्यात एकेक करून बुडवायचे, म्हणजे मणी फुगतात. मजूर मिळेनासे झाले की वर्गातली पोरं गायब, आणि चिठ्ठीत ठरलेलं: 'ताप आल्यामुळे'.

याने लिहिलं होतं:

"बाई, मला ताप नाही. पोटही दुखत नाही. उद्या आमचं डिपिंग आहे, माणसं कमी आहेत. बुडवलेल्या घडाला दुसऱ्यांदा औषधाचा मग लागू नये म्हणून मी ओळीवर लक्ष ठेवणार. वडील म्हणाले, ताप आला लिही. पण परवा तुम्ही कपाळाला हात लावाल. आणि मला बागेत राहायला आवडतं, हेही खरं आहे."

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कामाची सक्ती सांगून तो मोकळा होऊ शकला असता. आवडतं म्हणून लिहायची काहीच गरज नव्हती. मी रजा मंजूर केली, पण खाली वडिलांसाठी लिहिलं की पोराचे हात औषधात घालू नका. परत आल्यावर त्याने फळ्यावर वर्गाला गणित घातलं: २० लिटर पाण्यात १ ग्रॅम जीए, तर पीपीएम, म्हणजे दर लिटरला मिलिग्रॅम, किती? उत्तर ५०. बागायतदारांची पोरं, पण सोडवलं दोघा-तिघांनीच.

ती चिठ्ठी मी हजेरीपटाला लावली नाही, घरी आणली. आता नाशिकला कपाटात आहे.