गाण्यांचे आकडे कॉलच्या शिफ्टला लागू होत नाहीत

«कॉल सेंटर किंवा वर्क फ्रॉम होमसाठी दांडीवाला महागडा हेडसेट घेऊ नका, पैसे वाया जातात. कुठलेही एएनसीवाले इअरबड्स घ्या. आजूबाजूचा आवाज बंद, ४० तास बॅटरी आणि वजन तर जाणवतही नाही.»

आवाज बंद होतो तो तुमच्या कानात. एएनसीमध्ये बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट लहर स्पीकरमधून सोडली जाते, म्हणून पंख्याची, एसीची घरघर तुम्हाला कमी ऐकू येते. पलीकडच्या ग्राहकाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. उलट तुम्हाला शांत वाटत असतं आणि स्वयंपाकघरातला मिक्सर त्याच्या कानात वाजत असतो. माइकमध्ये शिरणारा गोंगाट गाळायची सोय वेगळी असते. खोक्यावर ती बहुतेकदा ईएनसी म्हणून छापतात, पण ती किती चांगली आहे हे त्या तीन अक्षरांवरून कळत नाही.

खरा फरक अंतराने पडतो. इअरबडचा माइक तोंडापासून साधारण १२ सेंमीवर असतो, दांडीचा माइक ३ सेंमीवर आणता येतो. अंतर निम्मं झालं की तुमचा आवाज माइकला सुमारे ६ डेसिबलने मोठा मिळतो. १२ वरून ३ म्हणजे दोनदा निम्मं, म्हणजे १२ डेसिबल. मिक्सर मात्र होता तेवढाच लांब राहतो. ही आघाडी नसेल तर सगळा भार सॉफ्टवेअरवर येतो. पंख्यासारखा एकसुरी आवाज ते सहज काढतं. शेजारच्या खुर्चीवरचं बोलणं काढताना ते गडबडतं, कारण तोही माणसाचाच आवाज; मग तुमच्या शब्दांचीही टोकं कापली जातात. ‘साठ’मधला ‘स’ गेला की ग्राहकाला ‘आठ’ ऐकू येतं. हप्त्याची रक्कम किंवा खाते क्रमांक सांगताना हे परवडणारं नाही. त्यात लॅपटॉपला ब्लूटूथने जोडलेल्या इअरबड्सचा माइक चालू झाला की साधारणपणे गाण्यांचा मोड सुटून कॉलचा मोड लागतो. जुन्या पद्धतीच्या जोडणीत तो सेकंदाला फक्त ८ हजार नमुने घेतो, आणि ‘स’, ‘श’ यांचा बराचसा भाग त्यात मावतच नाही. म्हणून किमान १६ हजार नमुन्यांचा, म्हणजे वाइडबँड आवाज देणारा आणि स्वतःचा यूएसबी डोंगल असलेला हेडसेट बघा.

ते ४० तास बहुतेक वेळा डबीसकट, गाणी ऐकण्याचे आणि एएनसी बंद ठेवून मोजलेले असतात. तुम्ही बघायचा तो टॉक टाइम. समजा तो एका चार्जवर ५ तास आहे आणि शिफ्ट ९ तासांची. मधेच इअरबड्स डबीत ठेवावे लागणार, आणि डबीत असताना बोलता येत नाही. एक कानात, दुसरा डबीत असं आलटून पालटून चालतं, पण दोन्ही कानांत घालून शिफ्ट काढली तर रोज जवळपास दोन पूर्ण चार्ज लागतात, म्हणजे २५० कामाच्या दिवसांत ४५० ते ५००. एवढ्यात लिथियम बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येऊ शकते. ५ तासांचे ४ होतात. २० तास टॉक टाइमचा हेडसेट दोन शिफ्टमागे एकदा चार्ज केला तरी पुरतो.

वजनाचं म्हणणं मात्र खरं आहे, इअरबड जेमतेम ५ ग्रॅमचा असतो. त्रास वजनाचा नसून बुजलेल्या कानाचा आहे. नऊ तास रबरी टोपण कानात राहिलं की घाम साचतो, खाज सुटते आणि स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. पूर्ण कान झाकणारी रेक्झिनची गादीही मुंबईच्या दमट हवेत तापते, चष्म्याची काडी दाबते. घरून काम असेल तर एका कानाचा, कानावर हलका टेकणारा, फोमच्या बदलता येणाऱ्या गादीचा हेडसेट मला सर्वात बरा वाटतो. फ्लोअरवर गजबज असेल तर दोन कानांचा घ्या. साइडटोन आहे का, तेही बघा. त्यात तुमचा आवाज हळू तुम्हालाच ऐकू येतो. तो नसला तर माणूस नकळत ओरडून बोलतो आणि संध्याकाळी घसा बसतो.

परत करायची मुदत संपायच्या आत घरीच चाचणी घ्या. पंखा पूर्ण वेगाने लावा, घरातल्या कुणाला तरी शेजारी बसून पेपर मोठ्याने वाचायला सांगा आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू करा. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला हवा. अगदी समोर आला तर श्वास फुसफुसतो. आधी दहा सेकंद गप्प राहा, मग दहा आकडी मोबाइल नंबर आणि ‘साठ, आठ, सात’ म्हणा. वायरच्या इअरफोनवर ऐका. गप्प असतानाच्या भागात पेपरातले शब्द कळले किंवा ‘साठ’चा ‘आठ’ झाला, तर तो हेडसेट परत करा, मग तो दांडीचा असला तरी.